बाळंतपणानंतरचा व्यायाम: सुरुवात श्वासापासून, धावणं सर्वांत शेवटी

बाळ दोन महिन्यांचं झालं होतं तेव्हा एक बाई माझ्याकडे आली. नॉर्मल डिलिव्हरी, थोडे टाके, तेही भरून आलेले. सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले होते, "आता व्यायामाला हरकत नाही." तिने त्याचा अर्थ गरोदरपणाआधीचाच व्यायाम असा घेतला आणि दोरीवरच्या उड्या सुरू केल्या. तिसऱ्या-चौथ्या उडीला लघवी सुटली. घरात कुणाला सांगायचीही तिला लाज वाटत होती.

मी तिला उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला सांगितले आणि म्हटलं, "लघवी रोखल्यासारखं करून दाखवा." तिने श्वास कोंडला, कुल्ले आवळले आणि तिचं पोट वर फुगलं. खालचे स्नायू वर ओढायच्या ऐवजी ती सगळा जोर खाली ढकलत होती. उड्या मारतानाही हेच होत होतं. फिजिओथेरपीच्या कामात ही चूक मला वारंवार दिसते, म्हणून मी आधी इथूनच सुरुवात करते.

आधी ती जागा सापडू द्या

लघवीच्या जागेच्या पुढे जे हाड हाताला लागतं, तिथपासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या झोळीवर विसावलेले असतात. हाच ओटीपोटाचा तळ, म्हणजे पेल्विक फ्लोअर. नॉर्मल डिलिव्हरीत ही झोळी प्रचंड ताणली जाते. सिझेरियन झालेल्या बाईच्या झोळीनेही सगळे महिने गर्भाचं ओझं पेललेलंच असतं, त्यामुळे हा व्यायाम दोघींसाठी आहे.

बाळंतपणानंतर काही दिवसांतच तो सुरू करता येतो. लघवीसाठी नळी घातली असेल तर ती निघालेली आणि लघवी नीट होऊ लागलेली हवी. टाके दुखत असतील तर अगदी हलकेच करा; दुखणं वाढलं तर थांबा.

कुशीवर किंवा उताणं झोपा. श्वास आत घ्या आणि पोट, बरगड्या सैल पसरू द्या. श्वास घेताना झोळी आपोआप थोडी खाली जाते. आता तोंडाने सावकाश श्वास सोडता सोडता, गॅस रोखल्यासारखं मागून आवळा, मग तोच ताण पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा आणि वर ओढा. तीन सेकंद धरा. मग पूर्ण सोडा आणि धरलं होतं तितकाच वेळ सैल राहू द्या. सुरुवातीला पाच-सहा वेळा पुरतं, दिवसातून तीनदा.

बरोबर होतंय का, हे छोटा आरसा धरून पाहता येतं. आवळताना जागा आत, वरच्या दिशेला ओढली गेली पाहिजे. ती बाहेर फुगत असेल तर तुम्ही ढकलताय. मांड्या आणि कुल्ले ढिले राहिले पाहिजेत, आणि आवळलेलं असताना बोलता आलं पाहिजे. बोलता आलं नाही तर श्वास कोंडलाय असं समजा. लघवी करता करता मधेच थांबवून हा व्यायाम करू नका. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागू शकते.

हळूहळू दहा सेकंद धरणं, असं दहा वेळा, इथपर्यंत जायचं असतं, त्यानंतर दहा झटपट आवळ-सोड. झटपट आवळणं खोकला, शिंक आणि उडीसाठी लागतं, तर लांब धरणं दिवसभराच्या उभं राहण्यासाठी. पडून जमलं की बसून करा, मग उभ्याने.

सोडण्याच्या बाजूकडे बहुतेकींचं दुर्लक्ष होतं. काही बायकांचे हे स्नायू कमजोर नसतात, उलट कायम ताठलेले असतात. लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, संबंधांच्या वेळी दुखणं, माकडहाडापाशी खुपणं ही त्याची लक्षणं. अशा बाईने आणखी आवळत राहिलं तर त्रास वाढतो. तिने आधी सैल सोडायला शिकायचं असतं, आणि ते ओटीपोटाच्या व्यायामात अनुभवी असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून शिकलेलं बरं.

पहिले सहा आठवडे

या काळात वरचा व्यायाम आणि चालणं, एवढंच. पाच-दहा मिनिटांपासून सुरू करा आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवा. किती चालणं झेपतंय हे अंगावरून जाण्यावरून कळतं. रंग फिकट होत आलेला असताना चालून आल्यावर पुन्हा लालभडक जायला लागलं, किंवा संध्याकाळी खाली जड वाटलं, तर दुसऱ्या दिवशी निम्मं चाला.

सिझेरियननंतर बाळापेक्षा जड काही उचलू नका. वरची जखम लवकर मिटते, पण पोटाच्या स्नायूंवरचं जे जाड आवरण शिवलेलं असतं त्याची ताकद सहा आठवड्यांनी जेमतेम निम्म्याच्या आसपास आलेली असते आणि पुढे कित्येक महिने ती भरत राहते. उठताना सरळ उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताने स्वतःला वर ढकला. नॉर्मल डिलिव्हरी झालेलीनेही असंच उठावं.

मग पोट

गरोदरपणात पोटाच्या पुढच्या दोन उभ्या स्नायूंमधली पट्टी रुंद आणि पातळ होते. पुष्कळ जणींची ती आपोआप बऱ्यापैकी जवळ येते. तपासायचं असेल तर उताणं झोपा, गुडघे दुमडा, बेंबीच्या वर दोन बोटं आडवी ठेवा आणि डोकं किंचित उचला. स्नायूंच्या दोन कडांमध्ये किती बोटं मावतात हे पाहाच, पण बोटं किती खोल जातात याकडे जास्त लक्ष द्या. दोन बोटांचं अंतर आहे पण खाली ताणलेल्या कापडासारखा विरोध लागतो, तर ते पोट कामाचं आहे. अंतर तेवढंच, पण बोटं लोण्यात गेल्यासारखी आत जातात, तर अजून वेळ लागेल.

व्यायाम करताना पोटाच्या मधोमध डोंगराच्या कण्यासारखा फुगवटा उठत असेल तर तो प्रकार सध्या तुमच्या पोटाला झेपत नाही. याच कसोटीवर मी सगळे व्यायाम ठरवते. क्रंच किंवा प्लँक जन्मभर वर्ज्य नसतात, फुगवटा यायचा थांबेपर्यंत ते पुढे ढकलायचे, इतकंच.

सुरुवात अशी करा. उताणं झोपून, श्वास सोडताना तळ वर ओढा आणि बेंबीखालचं पोट हलकेच आत घ्या. ते तसंच ठेवून एक टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करा, परत आणा. कंबर जागची हलू देऊ नका. दोन्ही पायांनी आठ-आठ वेळा. त्यानंतर ब्रिज, म्हणजे श्वास सोडत कंबर वर उचलणं, आठ-दहा वेळा. हे एक-दोन आठवडे सहज जमलं की खुर्चीवरून उठ-बस आणि भिंतीला हात टेकून पुश-अप. प्रत्येक वेळी जोर लावण्याच्या क्षणी श्वास बाहेर. बाळाला पाळण्यातून उचलतानाही हेच करा. दिवसात जितक्या वेळा उचलाल तितका हा सराव होईल.

सहा ते बारा आठवडे, आणि धावण्याआधीची परीक्षा

आता ताकद वाढवायची. स्क्वॉट, एका पायावर टाचा उचलणं, हलकी वजनं. बसायला दुखत नसेल तर सायकल चालते. पोहायचं असेल तर अंगावरून जाणं थांबलेलं आणि जखम पूर्ण भरलेली हवी. स्तनपान देणाऱ्यांनी व्यायामाआधी बाळाला पाजून घ्यावं, जडपणा राहत नाही.

धावणं आणि उड्या बारा आठवड्यांआधी नकोतच. 2019 साली ब्रिटनमधल्या तीन फिजिओथेरपिस्टनी या विषयावर मार्गदर्शिका काढली, तीत तीन ते सहा महिन्यांचा काळ सांगितला आहे, तोही तक्रार नसेल तर. त्यांच्या परीक्षेतल्या मुख्य गोष्टी अशा: अर्धा तास चालणं, प्रत्येक पायावर दहा सेकंद तोल, प्रत्येक पायावर दहा अर्ध्या बैठका, जागच्या जागी एक मिनिट जॉगिंग आणि एका पायावर दहा उड्या. हे सगळं लघवी न सुटता, न दुखता आणि खाली जड न वाटता जमलं पाहिजे. त्याच वेळी जमलं म्हणून मोकळं होऊ नका, पुढचे चोवीस तास पाहा. जडपणा बरेचदा संध्याकाळी जाणवतो.

त्या बाईचं पुढे असं झालं. उड्या बंद केल्या आणि दोन आठवडे फक्त श्वास आणि तळ. दहाव्या आठवड्यात ती चार सेकंद धरू शकत होती, चौदाव्यात दहा सेकंद, आठ वेळा. पंधराव्या आठवड्यात परीक्षा घेतली तेव्हा सगळं जमलं, फक्त डाव्या पायावरच्या उड्यांनंतर रात्री "खाली काहीतरी सरकल्यासारखं" वाटलं. ती हिरमुसली. आम्ही उड्या काढल्या, डाव्या पायाच्या बैठका आणि टाचा उचलणं वाढवलं, तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं आणि मग धावणं सुरू केलं. एक मिनिट जॉगिंग, दोन मिनिटं चालणं, असे सहा फेरे, एक दिवसाआड. आठवडाभर तक्रार नसेल तरच जॉगिंगचा भाग अर्ध्या मिनिटाने वाढवायचा. रात्रभर बाळाने जागवलं असेल त्या दिवशी धावण्याऐवजी फक्त चालायचं, हे आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं, म्हणजे तिला सकाळी स्वतःशी भांडत बसावं लागलं नाही.

फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर कधी गाठायचे

तीन महिन्यांनंतरही खोकताना लघवी सुटते, गॅस किंवा शी रोखता येत नाही, तर ओटीपोटाच्या फिजिओथेरपिस्टकडे जा. यावर इलाज आहे आणि "बाळंतपणानंतर असं होतंच" म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. योनीतून फुगा बाहेर येतोय असं वाटलं तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, मोठ्या गाठी जाणं, ताप, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं किंवा दम लागणं, असह्य डोकेदुखी किंवा नजर अंधूक होणं: यातलं काहीही झालं तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा. पोटरीची सूज चोळू नका. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.