शिरोलीत सीएनसी लेथ टाकताय? बँकेत जाण्याआधीची तयारी

फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग जॉबवर्कवर करायचं, शेड भाड्याची आणि मशीन एकच. कोल्हापुरात अशी प्रकरणं बँकेत नेहमी येतात. तरी फाइल अडते, कारण प्रकल्प अहवालातला आकडा आणि मागे लावलेला कागद जुळत नाही. म्हणून आधी कागद गोळा करा आणि मग सीएंकडे जा.

पहिला कागद कोटेशनचा. त्यावर मशीनचं मॉडेल, पुरवठादाराचा जीएसटी नंबर, मुदत आणि डिलिव्हरीला लागणारे आठवडे असावेत, कारण कर्जाची रक्कम बँक थेट पुरवठादाराला देते. आपल्या उदाहरणात मशीन 16 लाखांचं धरू. चक, टूलिंग, गेज, कॉम्प्रेसर, स्टॅबिलायझर आणि वायरिंगचे आणखी 3 लाख, म्हणजे 19 लाख. यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 3 लाख 42 हजार होतो आणि तो खरेदीच्या वेळीच भरावा लागतो. तुमची नोंदणी असेल तर तो क्रेडिट म्हणून मिळतो, पण जॉबवर्कच्या बिलांवरच्या करातून, हळूहळू. बँक ही रक्कम प्रकल्प खर्चात धरते का, हे शाखेत आधी विचारून घ्या. धरत नसेल तर 25 टक्के मार्जिनचे, म्हणजे तुमच्या वाट्याचे, पावणेपाच लाख आणि वर हे साडेतीन लाख, दोन्ही तुमच्या खात्यात दिसले पाहिजेत. ऐनवेळी पाहुण्यांकडून आणून खात्यात भरलेली रोकड साहेबांच्या नजरेतून सुटत नाही.

आता उत्पन्न. सीएंच्या तयार साच्यात विक्री दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढत जाते. इथे मशीन एकच आहे. पहिल्या वर्षी ते 70 टक्के वेळ चालतं असं लिहून पुढे 10-10 टक्के वाढवत नेलं, तर पाचव्या वर्षी ते शंभर टक्क्यांच्या वर चालायला लागतं! त्यापेक्षा तासांचा हिशेब मांडा. दोन पाळ्या म्हणजे 16 तास, त्याचे 70 टक्के म्हणजे 11.2 तास. महिन्याला 25 दिवस धरले तर वर्षाला 3,360 तास होतात. तासाला 350 रुपये धरले की 11 लाख 76 हजार. एक पाळी ऑपरेटर, दुसरी मालक स्वतः. ऑपरेटरचा पगार, मालकाचा घरखर्च, वीज, भाडं, इन्सर्ट, कूलंट आणि किरकोळ मिळून साधारण साडेसात लाख जातात. घरखर्च मुद्दाम लिहा. तो नसला की ‘घर कशावर चालतं?’ हा प्रश्न येतोच.

उरतात सव्वाचार लाख. त्यातून खेळत्या भांडवलासाठी घेतलेल्या कॅश क्रेडिटचं व्याज गेलं की सुमारे चार लाख. सव्वाचौदा लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के, सात वर्षं, तर हप्ता महिना 24 हजारांच्या आसपास, म्हणजे वर्षाला 2 लाख 88 हजार. चार लाखांना याने भागलं की 1.39 येतं. हाच डीएससीआर, म्हणजे कमाई हप्त्याच्या किती पट आहे ते. सव्वाच्या खाली गेला की साहेब कागद बाजूला ठेवतात. मशीन 60 टक्केच चाललं तर उत्पन्न 1 लाख 68 हजारांनी घटतं आणि हप्ताही निघत नाही.

म्हणून या फाइलचा खरा जीव जॉबवर्कच्या पत्रात आहे. ‘काम देण्यास तयार आहोत’ एवढ्यावर भागत नाही. पार्टचं नाव, महिन्याला किती नग, एका नगाला किती मिनिटं, दर काय आणि पैसे किती दिवसांनी, हे कंपनीच्या लेटरहेडवर घ्या. एकाच कंपनीवर सगळं अवलंबून असेल तर दुसऱ्याही एखाद्या ठिकाणचं पत्र मिळवा.

जागेचा करार अकरा महिन्यांचा असेल तर सात वर्षांच्या कर्जाला तो तोकडा पडतो. मुदत लांब करून घ्या आणि नोंदवा. प्लॉट एमआयडीसीचा असेल तर पोटभाड्याला एमआयडीसीने दिलेली परवानगी मूळ प्लॉटधारकाकडून मागून घ्या. वीजबिलावर मंजूर भार बघा. तो मशीनला पुरत नसेल तर महावितरणकडे केलेल्या वाढीव भाराच्या अर्जाची पोच जोडा.

बाकी कागद ठरलेले: पॅन, आधार, उद्यम नोंदणी (ती ऑनलाइन फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका), तीन वर्षांचे रिटर्न, बँक स्टेटमेंट, अनुभवाचा दाखला. घरची शेती असेल तर ऊसबिलं ज्या खात्यात येतात त्याचं पासबुक, आणि सेवा सोसायटीचा व पतसंस्थेचा थकबाकी नसल्याचा दाखला. कुणाला जामीन राहिला असाल तर तेही आधीच सांगा. तारण नसेल तर सीजीटीएमएसई या लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टच्या हमीबद्दल विचारा. तिची फी खर्चात धरावी लागते.

हप्ता सुरू व्हायला किमान सहा महिन्यांची सवलत मागा. मशीन येणं, वायरिंग, ट्रायल पीस पास होणं आणि पहिल्या बिलाचे पैसे हातात येणं, यात तेवढे महिने जातातच. त्या काळातलं व्याज मात्र दरमहा भरावं लागतं. ते कुठून भरणार, त्याची एक ओळ अहवालात असू द्या.