नवतपा लागायच्या आधी गोठ्याचं पाणी

आधी लिटरचा हिशेब. नागपुरात पारा 45 कडे सरकला की दुभती म्हैस दिवसाला 80 ते 100 लिटर पिते, गाय त्याहून थोडी कमी, शेळी 8-10, शंभर कोंबड्या 40-50. म्हणजे पाच म्हशी आणि दहा शेळ्यांना पिण्यालाच सहाशे लिटर धरा, धुण्याचं वेगळं. हौद सावलीत हवा, शेवाळ घासलेलं हवं. हे सांगायची गरज नाही.

खारेपणा टीडीएस मीटरवर कळतो. हजारापर्यंत निर्धास्त राहा. तीन हजारांपर्यंत जनावर पितं, फार तर काही दिवस शेण पातळ होतं. त्यापुढचं कोंबड्यांना नको, आणि पाच हजारांपुढचं गाभण-दुभत्यांनाही नको.

आता नायट्रेट. मागच्या उन्हाळ्यात हेच तपासायचं राहिलं होतं, कारण मीटरवर आकडा 900 होता आणि पाणी गोड होतं. मीटर एकूण क्षार मोजतो, त्यात नायट्रेट किती हे सांगत नाही. पाण्याला रंग नाही, वास नाही. उकिरडा विहिरीला लागून असेल, किंवा काटोल-कळमेश्वरकडे संत्र्याच्या बागेला युरिया पडत असेल, तर नायट्रेट तपासाच. कोटीपोटात त्याचं नायट्राइट होतं, ते रक्तात गेलं की रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. हिरड्या तपकिरी पडतात, जनावर धापा टाकतं, झोकांड्या खातं. रक्त चॉकलेटी दिसलं तर डॉक्टरांना लगेच बोलवा. मिथिलीन ब्लूचं इंजेक्शन शिरेतून तेच देतील.

बोअर दहा मिनिटं चालू ठेवा, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा, बर्फात ठेवून दुसऱ्या दिवसाच्या आत प्रयोगशाळेत द्या. फॉर्मवर ‘नायट्रेट’ स्वतः लिहा, नाहीतर नुसता टीडीएस आणि कठीणपणा हातात येतो. रिपोर्टात 180 आलं तर आधी बघा: नायट्रेट म्हणून की नायट्रोजन म्हणून? नायट्रेट म्हणून असेल तर रोज नुसतं तेच पाणी पाजणं बरं नाही. चांगलं पाणी निम्मं मिसळा, आकडा शंभराच्या आसपास येतो. नायट्रोजन म्हणून असेल तर साडेचारने गुणा, आठशे होतात. त्या पाण्याचा थेंबही नको.

उकळू नका! पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. नायट्रेटवर तुरटी किंवा ब्लीचिंग पावडरही चालत नाही. आणि असं पाणी चालू असताना पाण्याचा ताण बसलेली हिरवी ज्वारी टाकू नका, तिच्यातही नायट्रेट साठतं, दोन्हींची बेरीज होते.

जंतूंसाठी ब्लीचिंग पावडर ठीक. टँकरचं पाणी आलं तर एकदम बदलू नका, जुन्यात मिसळत जा. पहिल्या पावसानंतर उकिरड्याचा निचरा विहिरीत उतरतो, तेव्हा परत एक बाटली भरा. नायट्रेटसाठीच.