बोंडअळीची बाटली मागितली, तर आधी सापळा द्या

कपाशीला पाती लागली की शेतकरी येतो, “भाऊ, बोंडअळीचं औषध द्या.” कृषी सेवा केंद्राचं नाव गावात होतं ते या क्षणी. लगेच बाटली काढू नका. एकरी 2 कामगंध सापळे द्या आणि रोज सकाळी पतंग मोजायला सांगा. सलग 3 रात्री सापळ्यामागे 8 किंवा जास्त पतंग आले, तरच फवारणी. हे बिलामागे हातानं लिहून खाली दुकानाचा शिक्का मारा. असा कागद पारावर चार जण वाचतात, छापील पत्रक मात्र भजी बांधायला जातं!

चौथ्या दिवशी स्वतः फोन करा. आकडा 3-4 असेल तर “सध्या थांबा” म्हणा. त्या दिवशीची विक्री बुडते, पण वाचलेल्या फवारणीचा हिशेब शेतकरी शेजाऱ्याला सांगतोच.

एक धोका आहे. ल्यूर जुनी झाली किंवा सापळा पिकाच्या उंचीखाली राहिला, तर आकडा खोटा कमी येतो आणि दोष तुमच्यावर येतो. म्हणून बोंडं धरल्यावर 20 हिरवी बोंडं फोडायला सांगा. दोनांत अळी दिसली, तर सापळा काहीही म्हणो, औषध द्या.