टीव्हीवर लॅपटॉपच्या कडा कापल्या जात होत्या, तेव्हा

एचडीएमआय लावली की टास्कबार अर्धा गायब, कोपऱ्यातलं घड्याळही दिसेना. विंडोजमध्ये रिझोल्यूशन 1920 × 1080 बरोबरच होतं, म्हणजे दोष टीव्हीकडे. याला ओव्हरस्कॅन म्हणतात: जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळात कडेचा खराब भाग लपवायला चित्र थोडं ताणत, आणि ती खोड आजच्या टीव्हीतही उरली आहे.

रिमोटवरून पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन पिक्चर साइज 16:9 वरून Screen Fit केला आणि घड्याळ लगेच दिसलं. काही टीव्हींत याच पर्यायाला Just Scan किंवा Full Pixel म्हणतात. तो सापडलाच नाही, तर त्या एचडीएमआय इनपुटचं नाव बदलून PC करून बघा. ग्राफिक्स ड्रायव्हरमधून चित्र लहान करता येतं, पण अक्षरं पुसट होतात. तो उपाय शेवटचा.