ओल्या कोब्यावर मेम्ब्रेन चढवू नका

ठाणे-नवी मुंबईत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या कामाला लागलात की बहुतेक वेळा जुनाच कोबा, म्हणजे स्लॅबवरचा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, वाट्याला येतो. त्यावर चढवायला डब्यातून येणारं, लावल्यावर वाळून थर होणारं पातळ मेम्ब्रेन बरं की डांबरी शीट, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जातो. त्याचं उत्तर घाईने देऊ नका. आधी कोब्याच्या पोटात पाणी किती आहे ते बघा, कारण नवशिक्यांची कामं सगळ्यात जास्त इथेच फसतात.

समजा, नेरूळची वीस वर्षांची इमारत आहे, गच्ची 200 चौरस मीटर आणि कोबा सरासरी 115 मिलिमीटर जाड. अशा कोब्याचं वजन चौरस मीटरला साधारण 220 किलो भरतं. वरचं प्लास्टर उन्हाने तापून आणि पावसाने गार होऊन तडकतं. आखलेल्या चौकटींच्या रेघांतून आणि कठड्यालगतच्या कोपऱ्यातल्या गोलसर वाट्यातून पाणी खाली उतरतं आणि विटांचे तुकडे ते पिऊन घेतात. वजनाच्या दहा टक्के पाणी धरलं तरी चौरस मीटरला 22 लिटर, म्हणजे अख्ख्या गच्चीत 4,400 लिटर झालं. म्हणूनच पाऊस थांबून चार दिवस झाले तरी छत ठिबकत राहतं, आणि डाग ज्या खोलीत दिसतो तिच्या वर तडा असेलच असं नाही. पाणी कोब्यातून स्लॅबच्या उताराने सरकतं आणि स्लॅबला जिथे वाट मिळेल तिथे खाली येतं.

आता या पाण्यावर झाकण बसवलं की काय होतं? एप्रिलच्या उन्हात गच्ची तापते, आतल्या ओलीची वाफ होते आणि ती मेम्ब्रेनला खालून ढकलते. आधी रुपयाएवढे, मग ताटाएवढे फुगे येतात. त्यांवरून चालणं झालं की ते फुटतात. ज्याला आपण खराब माल म्हणतो, तो पुष्कळदा ओला पाया असतो. शिवाय खाली अडकलेलं पाणी स्लॅबची सळई गंजवत राहतं, हे त्याहून वाईट.

तपासणी सोपी आहे. 45 सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि किमान 16 तास ठेवा. गच्चीवर निदान पाच-सहा ठिकाणी, त्यातही पाइपच्या तोंडाजवळ आणि सखल भागात, हे करा. खाली घाम धरला किंवा कोबा काळपट पडला तर थांबा. घाम नसला तरी निर्धास्त होऊ नका, कारण ही चाचणी मुख्यतः वरच्या थराचं सांगते. एक-दोन जागी स्लॅबपर्यंत खोदून विटेचा तुकडा हातात घ्या. गळती शोधायला पाणी भरून ठेवलं असेल, तर तेच पाणी आता कोब्यात आहे हेही लक्षात ठेवा. ऑक्टोबरात उघडीप मिळाली म्हणून काम उरकू नका. मार्च-एप्रिल हीच खरी वेळ.

हातोडीच्या दांड्याने ठोकत चाला. पोकळ आवाजाचे भाग खडूने आखा. इथे जुन्या मिस्त्रीचा कान कुठल्याही कोटेशनपेक्षा भरवशाचा, असं आमचं ठाम मत आहे. पोकळ भाग थोडेच असतील तर तेवढेच काढून भरता येतात, घाबरू नका. अर्ध्याहून जास्त गच्ची पोकळ आणि ओली असेल तर कोबा पूर्ण काढा. हलकं मशीन वापरा, डेब्रिज एका जागी रचू नका. जुन्या कोब्यावर आणखी एक कोबा किंवा चायना चिप्स चढवणं म्हणजे स्लॅबवर नवं ओझं. तो सल्ला कोणाचाही असो, ऐकू नका.

पाया कोरडा आणि भक्कम असेल तर पातळ मेम्ब्रेन चांगलं चालतं, पण जाडी मिळायला हवी. डब्यातल्या मालात आकारमानाने 60 टक्के घन भाग असेल, तर वाळून 1.2 मिलिमीटर मिळायला चौरस मीटरला 2 लिटर लागतं. आपल्या गच्चीला 400 लिटर, म्हणजे 20 लिटरचे 20 डबे. आठ डब्यांत काम झालं तर थर जेमतेम अर्धा मिलिमीटर बसला. रिकामे डबे स्वतः मोजा. अॅक्रिलिक थर साचलेल्या पाण्यात मऊ पडून सुटतो आणि उन्हाने वरून भुकटी होतो, बोट फिरवलं की पांढरं लागतं. म्हणून आधी पाणी साचणारे खड्डे भरून 100 ला 1 उतार नीट करा. पॉलियुरेथेन साचलेलं पाणी जास्त सोसतं, ओला पाया मात्र त्यालाही चालत नाही.

डांबरी शीटचं मरण बहुधा कडेला असतं. गॅसच्या टॉर्चने नीट न वितळलेला सांधा उघडतो, कठड्यावरची कड उन्हाने सुटते, आणि आत शिरलेलं पाणी शीटखाली लांबवर पसरतं. मग गळतीचं मूळ सापडत नाही. बाजूचा सांधा 100 मिलिमीटर आणि टोकाचा 150 मिलिमीटर घ्या, दाबल्यावर डांबराची बारीक रेघ बाहेर आलीच पाहिजे. कठड्यात खाच मारून कड आत घाला आणि पट्टीने दाबा. नुसती प्लास्टरवर चिकटवलेली कड टिकत नाही.