बाळाची नजर चुकवून खोलीबाहेर सटकताय? या चुका टाळा

दहा महिन्यांच्या बाळाला खेळण्यांत रमवायचं आणि त्याचं लक्ष नाही असं बघून हळूच उठायचं, ही युक्ती बहुतेक सगळे आईबाबा करून बघतात. मीही केली. दोन-तीन दिवस ती चाललीही. मग लेक खेळेनाशीच झाली. ठोकळा हातात, नजर माझ्यावर. मी नुसती मांडी बदलली तरी भोकाड.

चूक सटकण्यातच आहे. वस्तू दिसत नसली तरी ती कुठेतरी असते, हे बाळाला सात-आठ महिन्यांच्या आसपास कळू लागतं. रुमालाखाली लपवलेला खुळखुळा ते रुमाल ओढून शोधतं, ते याच समजुतीमुळे. आईचंही तसंच. ती गेली म्हणजे दुसरीकडे कुठेतरी आहे, एवढं त्याला उमगतं. ती परत येणार का आणि कधी, हे मात्र उमगत नाही, कारण वेळेचा अंदाज अजून आलेला नसतो. म्हणून या वयातलं रडणं हट्टाचं नसतं आणि लाडावल्यामुळेही नसतं. ‘कडेवर घेऊन घेऊन सवय लावलीस’ हे ऐकून घ्यावं लागतं, ते सोडून द्या. साधारण दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान याचा जोर सर्वांत जास्त असतो, पुढे तो आपोआप ओसरतो. पण आई न सांगता गायब होते असा अनुभव पुन्हा पुन्हा आला की बाळ पहारा द्यायला लागतं, आणि पहारा देणारं बाळ खेळत नाही.

मग काय करायचं? सांगून जायचं, आणि सांगणं दोन वाक्यांत संपवायचं. मी ‘आई हात धुऊन येते’ एवढंच म्हणायचे, हात हलवायचे आणि निघायचे. पहिल्या दिवशी फक्त दाराबाहेर जाऊन मनात दहा आकडे मोजले आणि परत आले. तेवढ्यातही ती रडली. आत आल्यावर ‘आली आई’ म्हणून जवळ बसले, एवढंच. असं दिवसातून चार-पाच वेळा केलं. दहा आकड्यांना रडणं नुसत्या कुरकुरीवर आलं तेव्हा अर्धा मिनिट केलं, मग एक, मग दोन. दिसेनाशी झाले तरी बाहेरून बोलत राहायचे, भांडी लावताना गाणंसुद्धा म्हणायचे. आवाज येतोय म्हणजे आई आहे, हे तिला चेहऱ्याआधी पटलं. एखाद्या दिवशी गाडी पुन्हा दहा आकड्यांवर यायची. सर्दी झाली किंवा घरात पाहुणे आले की हमखास. तेव्हा मागे जायचं, ताणायचं नाही.

निरोप लांबवणं ही याच्या उलटी चूक. दारात उभं राहून ‘नाही हं रडायचं, आत्ता येते हं’ करत तीनदा मागे वळलं, की आपला चेहराच बाळाला सांगतो, काहीतरी गडबड आहे.

वेळ चुकली तरी सगळं फसतं. भुकेलं किंवा झोपेला आलेलं बाळ दहा आकडेही सोसत नाही. सरावासाठी पोट भरलेलं आणि झोप झालेली असताना जा.

आणखी एक गंमत लक्षात येते. आपण उठलो की आकांत करणारं बाळ स्वतः रांगत दुसऱ्या खोलीत खुशाल जातं, कारण जाणारं तेच असतं. याचा फायदा घ्या. खोली सुरक्षित असेल तर त्याला मागे येऊ द्या, किंवा ते स्वतः पुढे गेलं की चार श्वास थांबून मग जा. ‘बुवाऽऽ कुक’ हा खेळही हाच सराव आहे. आधी तोंड रुमालाआड, मग आपण दाराआड. एक पथ्य मात्र पाळा: बाहेर जाताना बाळ पलंगावर किंवा सोफ्यावर नको, उंच कठड्याच्या, न झुलणाऱ्या पाळण्यात किंवा खाली मोकळ्या जागेत हवं. पाण्याच्या टबाजवळ तर एका क्षणासाठीही एकटं सोडू नका.

एवढं करूनही रडं थांबत नसेल, तर आपण परत आल्यावर काय होतं ते बघा. आपल्याला पाहून ते क्षणभर आणखी जोरात रडेल, ते ठीक आहे. पण कडेवर घेतल्यावर थोड्याच वेळात शांत व्हायला हवं. कुशीतही रडतच असेल, कान ओढत असेल, ताप असेल किंवा दूध पीत नसेल, तर हे रडणं दुरावण्याचं नाही. डॉक्टरांना दाखवा. आधी जमत असलेलं काही, उदाहरणार्थ रांगणं किंवा बडबडणं, बंद झालं असेल तरीही दाखवा.