लाँचची किकऑफ मीटिंग: अजेंडा कसा आखावा, सुरुवातीला काय बोलावं

किकऑफ मीटिंगमध्ये बहुतेकदा एक जण पाऊण तास स्लाइड दाखवतो, बाकीचे माना डोलावतात आणि उठतात. एका विभागाचं काम दुसऱ्याच्या हातात कधी पडायला हवं, हा मुख्य प्रश्न तसाच राहतो. तो मध्यभागी ठेवून मीटिंग कशी आखायची, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. छोट्या व्यावसायिकांच्या बिलिंग अ‍ॅपमध्ये दर महिन्याला आपोआप बिल पाठवायची सोय येणार आहे आणि लाँचला ८ आठवडे आहेत.

१. दोन दिवस आधी दोन प्रश्न पाठवा. प्रत्येक विभागाच्या प्रमुखाला विचारा: तुम्हाला कोणाकडून काय हवं आहे, कधीपर्यंत? आणि तुम्ही कोणाला काय देणार आहात? उत्तरं मीटिंगआधी हातात हवीत. तिथे बसून आठवायला लावलं तर लोक अंदाज सांगतात. सपोर्ट आणि लीगलला विसरू नका, त्यांना बहुधा शेवटीच बोलावलं जातं.

२. वेळ असा वाटा. एक तास पुरतो. सुरुवातीचं बोलणं ५ मिनिटं, त्यावर शंका १० मिनिटं, विभागांमधल्या तारखा ३० मिनिटं, धोके १० मिनिटं आणि शेवटची ५ मिनिटं ठरलेलं वाचून दाखवायला. ओळखपरेडला वेळ ठेवलेला नाही. नावं आणि कामं आधीच्या मेलमध्ये द्या.

३. सुरुवातीचं भाषण लिहून काढा. त्यात चार गोष्टी हव्यात: काय आणतोय, काय आणत नाही, तारीख आणि व्याप्ती यांतलं काय हलू शकतं, आणि अडलं तर निर्णय कोणाचा. उदाहरणार्थ:

"नमस्कार मंडळी. आपल्या ग्राहकांना दर महिन्याला तीच बिलं पुन्हा बनवावी लागतात. आठ आठवड्यांनी ती आपोआप जातील. या खेपेला फक्त ठरावीक रकमेची मासिक बिलं घेतोय. बदलत्या रकमेची बिलं यात नाहीत, तेव्हा सेल्सने ग्राहकांना तसा शब्द देऊ नये. लाँचची तारीख पक्की आहे. वेळ कमी पडला तर एखादी सोय गाळू, तारीख हलवणार नाही. काय गाळायचं हे प्रॉडक्ट मॅनेजर ठरवतील, तुमची हरकत मात्र त्याआधी ऐकतील. आज एकच काम करायचंय: कोणाला कोणाकडून काय कधी हवं, ते समोरासमोर ठरवायचं. एखादी तारीख जमणार नसेल तर आत्ताच सांगा."

"काय आणत नाही" हे वाक्य संकोचाने गाळलं जातं, पण पुढची निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

४. तारखा लाँचपासून मागे मोजा. आपल्या उदाहरणात सपोर्टच्या लोकांना आठव्या आठवड्यात प्रशिक्षण द्यायचं आहे. त्यासाठीचे मदत-लेख लिहायला दोन आठवडे लागतात, म्हणजे सहावा आणि सातवा. लेखांत स्क्रीनची चित्रं लागतात. मार्केटिंगचा व्हिडिओही याच दोन आठवड्यांत बनतो. तेव्हा स्क्रीन पाचव्या आठवड्याअखेर कायम व्हायला हव्यात. इंजिनीअरिंगच्या कागदावर मात्र सहाव्या आठवड्यापर्यंत स्क्रीन बदलणार असं लिहिलेलं असतं. दोघांच्याही योजना आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त त्या शेजारी ठेवून कोणी पाहिलेल्या नसतात.

यातून वाट काढता येते. बिल बनवायची आणि बिलांच्या यादीची, अशा दोन मुख्य स्क्रीन पाचव्या आठवड्यात गोठवायच्या. सेटिंग्जची स्क्रीन आठवडाभर उशिरा आली तरी चालेल, कारण ती व्हिडिओत नाही आणि तिच्यावरचा लेख सर्वांत शेवटी लिहिता येतो. जे तिथे सुटणार नाही त्यापुढे एका माणसाचं नाव आणि निर्णयाची तारीख लिहा. "मार्केटिंग बघेल" हे नाव नव्हे.

"होऊन जाईल", "जवळपास तयार आहे" अशी उत्तरं येऊ लागली की समजा, तारीख ठरलेली नाही. अर्ध्या तासात एकही मतभेद निघाला नाही तर आधीची उत्तरं वरवर भरली असावीत.

५. अपयश गृहीत धरून धोके विचारा. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची ही पद्धत 'प्रीमॉर्टेम' म्हणून ओळखली जाते. "काय चुकू शकतं?" असं न विचारता सांगा, "लाँच पार फसलं आहे. का फसलं ते लिहा." दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं, मग एकेकाने वाचायचं. आधी बोलायला सांगितलं तर वरिष्ठ जे म्हणतील तेच बाकीचे म्हणतात. आलेल्यांपैकी दोन-तीनच धोके निवडा. "एकाच ग्राहकाला दोनदा बिल गेलं" असा धोका आला, तर त्याची चाचणी कोण आणि कधी करणार ते लगेच लिहा.

६. त्याच दिवशी एक पान पाठवा. त्यात मीटिंगचा वृत्तांत नको. काय द्यायचं, कोण देणार, कोणाला आणि कधी, एवढेच रकाने ठेवा. देणारा आणि घेणारा दोघांनीही दुसऱ्या दिवशी "मान्य" असं कळवायचं. घेणाऱ्याचा होकार सहसा कोणी मागत नाही, आणि हवी होती त्यापेक्षा वेगळीच फाइल हातात आल्याचं मग शेवटच्या आठवड्यात कळतं.